किमोच्या केसपेपरवर काढ्यासाठी एक रकाना हवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या भागातल्या एका बाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी नागपूरला दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं औषध सुरू होतं. तिसऱ्या डोसआधी रक्त तपासलं, तर यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी 200 च्या वर. साधारण ते 40 च्या आत असावं लागतं. पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर टाकण्याचं काम यकृत करतं. यकृतालाच सूज असली की औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि पांढऱ्या पेशी आणखी घसरतात. म्हणून डोस पुढे ढकलला. हिपॅटायटिस बी, सी नाही, सोनोग्राफी ठीक. संशय किमोवरच आला.

दुसरं काही औषध घेता का, असं त्यांना विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या, आणि खोटं बोलल्या नाहीत. नंतर पिशवीत गुळवेलीच्या रसाची बाटली दिसली, तेव्हा म्हणाल्या, "औषध नाही जी ते, ताकदीसाठी घेतो."

कोविडकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या केसेस नोंदवल्या, 2021 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं. घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असंही नाही. पण बाटलीत कोणती वेल आहे हे रुग्णाला कसं कळणार?

रस बंद केला, काही आठवड्यांत एसजीपीटी खाली आलं. मात्र तेवढ्या काळात किमोही थांबलेली, त्यामुळे दोष कुणाचा हे सांगता येईना. पॅक्लिटॅक्सेल पुन्हा दिलं, रस दिला नाही, आणि आकडा चढला नाही, तेव्हा उलगडा झाला. आधी कळलं असतं तर पहिल्यांदा रस थांबवता आला असता. आणि रसाचं कळलंच नसतं, तर लागू पडणारं औषध यकृताला सोसत नाही म्हणून कमी केलं गेलं असतं. ही भीती मला जास्त वाटते.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रांची घोषणा झाली आहे. आपल्या राज्यातल्या अशा प्रत्येक केंद्राच्या केसपेपरवर एक रकाना छापून घ्या: काढा, रस, चूर्ण, भस्म, जडीबुटी. प्रत्येक डोसआधी नावं घेऊन विचारायचं आणि घरातल्या बाटल्या, पुड्या सोबत आणायला सांगायचं. विचारताना रागवायचं नाही, नाहीतर लोक पुढच्या वेळी लपवतात. गावात आशाताईंनीही हेच विचारावं, कारण त्यांना चुलीजवळचा डबा दिसतो.

आठवडी बाजारातल्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे परिचारिकेने 'घटक माहीत नाहीत' असं लिहावं आणि सलाईन लावण्याआधी ती पुडी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी. असा लेखी आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक परिचारिका, यवतमाळ जिल्हा