व्याजदराच्या तक्त्यात न मावणारे तीन प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर अधूनमधून ज्येष्ठ नागरिकांच्या ठेव योजनांचा तक्ता येतो. डावीकडे योजनेचे नाव, उजवीकडे व्याजदर. मी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. हा तक्ता कापून खिशात घालून येणारी मंडळी मला नेहमी भेटतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, सगळ्यात जास्त कुठे मिळतं?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. पैसे कोणाच्या हमीवर आहेत, दर किती वर्षे बांधलेला आहे आणि व्याज कोणाच्या नावावर, कोणत्या वर्षी उत्पन्न म्हणून मोजले जाणार, हे तीन प्रश्न त्याआधीचे. या पत्रातले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

पहिला प्रश्न हमीचा. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेत जास्तीत जास्त ५ लाख रुपये देते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून असतात आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात, हे बहुतेकांना माहीत नसते. साडेसात टक्क्यांनी पाच वर्षांची पुनर्गुंतवणूक ठेव केली, तर सुमारे ३ लाख ४० हजारांचेच मुदतीअखेर ५ लाखांच्या जवळपास होतात. म्हणजे ५ लाखांची ठेव ठेवून "विमा आहे" असे समाधान मानणाऱ्याचे व्याज पहिल्या दिवसापासून विम्याबाहेर असते. नवऱ्याचे एकट्याचे खाते, बायकोचे एकटीचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते ही मात्र तीन वेगळी खाती धरली जातात आणि प्रत्येकाला स्वतंत्र ५ लाखांचे संरक्षण मिळते. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा मर्यादा १ लाखच होती. पुढे विलीनीकरण झाले, पण मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षे थांबायला सांगणे म्हणजे काय, हे वेगळे लिहायला नको.

पतसंस्थांना तर हे ५ लाखांचे कवचही नाही. नावात 'सहकारी' असले आणि पासबुक बँकेसारखे दिसले, तरी ठेव विमा महामंडळाचा त्यांच्याशी संबंध नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आपल्याकडे आहेत, हे मी मान्य करतो. पण बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जादा देणारी संस्था ते पैसे कर्जदाराकडून त्याहून चढ्या दराने वसूल करणार, आणि त्या दराने कर्ज घ्यायला कोण येतो, एवढे ठेवीदाराने स्वतःला विचारावे.

टपाल खात्यातल्या योजना आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांच्यामागे केंद्र सरकार उभे असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते बँकेत उघडले तरी ते देणे सरकारचे राहते. त्यामुळे तिथे ५ लाखांची मर्यादा लागू होत नाही.

आता दराकडे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे आणि तेव्हापासूनच कमाल रक्कम १५ लाखांवरून ३० लाख झाली. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, पण खाते उघडले त्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षे टिकतो. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये हातात येतात. ते उचलले नाहीत तर त्यांच्यावर व्याज चढत नाही, म्हणून बचत खात्यात आपोआप जमा होण्याची सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

२०२० च्या उत्तरार्धात किंवा २०२१ मध्ये हे खाते उघडणाऱ्यांना ७.४ टक्के दर मिळाला होता. त्यांची पाच वर्षे आता संपत आहेत किंवा नुकतीच संपली आहेत. मुदत संपूनही खाते बंद केले नाही आणि वाढवलेही नाही, तर पुढच्या काळासाठी टपाल बचत खात्याचा ४ टक्के दर पदरी पडतो. वाढवायचे असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षात अर्ज करता येतो, आणि मुदत संपली त्या दिवशीचा दर पुढच्या तीन वर्षांसाठी मिळतो. मी मात्र मुदतवाढीऐवजी खाते बंद करून नवे उघडण्याचा सल्ला देतो, कारण मग ८.२ टक्के पाच वर्षे बांधले जातात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि बँकांच्या ठेवींचे दर उतरले. अशा काळात दोन जादा वर्षांची किंमत मोठी आहे. ज्यांना वर्षा-दोन वर्षांत घर, लग्न किंवा दवाखान्यासाठी रक्कम लागणार आहे, त्यांनी मुदतवाढच घ्यावी. वाढवलेले खाते एका वर्षानंतर काहीही कपात न होता बंद करता येते. नव्या खात्यातून दुसऱ्या वर्षात पैसे काढले तर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर काढले तर एक टक्का रक्कम कापली जाते.

सगळ्यात जास्त गैरसमज तिसऱ्या प्रश्नाबाबत, म्हणजे कराबाबत आहेत. दोन उत्तरे मी रोज ऐकतो. "ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंतचे व्याज माफ आहे" हे एक, आणि "१२ लाखांपर्यंत करच नाही" हे दुसरे. ५० हजारांची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, नवीन प्रणालीत नाही. १२ लाखांची सवलत नव्या प्रणालीत आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. महिना ६५ हजार पेन्शन असलेले एक गृहस्थ. वर्षाची पेन्शन ७ लाख ८० हजार. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरतात ७ लाख ५ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या ३० लाखांचे व्याज २ लाख ४६ हजार, बँकेतल्या २० लाखांचे ७ टक्क्यांनी १ लाख ४० हजार. एकूण १० लाख ९१ हजार, म्हणजे १२ लाखांच्या आत, कर शून्य. त्यांनी जुनी प्रणाली धरली आणि ५० हजारांच्या व्याजवजावटीबरोबरच विमा हप्ता, गुंतवणूक अशा सगळ्या वजावटी पूर्ण वापरल्या, तरी कर सुमारे साडेशहाऐंशी हजार येतो. दरवर्षी मार्चमध्ये 'करबचती'साठी पॉलिसी विकायला येणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

पण याच गृहस्थांकडे १० लाखांची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रेही आहेत, असे समजा. दर ७.७ टक्के, पाच वर्षांनी हातात येणार १४ लाख ४९ हजार. टपाल खाते या व्याजावर उद्गम कर, म्हणजे टीडीएस, कापत नाही, त्यामुळे पाच वर्षे कोणाला त्याची आठवण येत नाही. मुदत संपलेल्या वर्षी सगळे ४ लाख ४९ हजार व्याज एकदम दाखवले, तर उत्पन्न १५ लाख ४० हजारांवर जाते, सवलत पूर्ण जाते आणि उपकरासह १ लाख १५ हजार ४४० रुपये कर बसतो. तेच व्याज दरवर्षी जमा होईल तसे विवरणपत्रात दाखवले असते, तर पहिल्या वर्षी ७७ हजार आणि शेवटच्या वर्षी सुमारे १ लाख ४ हजार धरावे लागले असते. म्हणजे पेन्शन आणि करटप्पे तेच राहिले तर प्रत्येक वर्षी उत्पन्न १२ लाखांच्या खालीच. प्रमाणपत्रे तीच, व्याज तेच, कर शून्य. मात्र पद्धत पहिल्या वर्षी ठरवून शेवटपर्यंत तीच पाळावी लागते. मध्येच सोयीने बदलता येत नाही. (शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडाच्या भांडवली नफ्याला विशेष दराने कर लागतो. त्या कराला ही सवलत मिळत नाही.)

बायकोच्या नावावर ठेव केली की व्याज तिचे, हाही असाच एक भ्रम. नवऱ्याने बक्षीस दिलेल्या पैशाचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. वरच्या गृहस्थांनी बायकोच्या नावे आणखी ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, तर ते २ लाख ४६ हजारही त्यांच्याच खात्यावर चढतात आणि १२ लाखांची रेषा ओलांडली जाते. तिच्या स्वतःच्या नोकरीचे, माहेरचे किंवा वारशाचे पैसे असतील तर व्याज खरोखर तिचे. नवऱ्याने दिलेल्या पैशांच्या व्याजातून तिने पुढे ठेव केली, तर त्या नव्या ठेवीचे व्याज मात्र तिचे. त्यासाठी ते व्याज वेगळ्या खात्यात ठेवलेले बरे, म्हणजे पुढे दाखवता येते.

उद्गम कराचे दोनच शब्द. ज्येष्ठांसाठी मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५० हजारांवरून १ लाख झाली. त्याहून जास्त व्याज असेल आणि कर शून्य येणार असेल, तर १५एच फॉर्म प्रत्येक बँकेत आणि टपाल कार्यालयात वेगवेगळा, दरवर्षी एप्रिलमध्ये द्यावा लागतो. न दिल्यास वरच्या उदाहरणात ३८ हजार ६०० रुपये कापले जातील आणि विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागेल. फॉर्म दिला म्हणजे विवरणपत्रातून सुटका झाली, असेही नाही.

माझी विनंती एवढीच, की पुढचा तक्ता छापताना व्याजदराशेजारी आणखी तीन रकाने द्यावेत. हमी कोणाची आणि किती रकमेपर्यंत, दर किती वर्षे बांधलेला, व्याज दरवर्षी हातात येते की मुदतीअखेर. जागा कमी पडत असेल तर व्याजदराचा रकाना शेवटी ढकलला तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखाधिकारी, सातारा