आबा, चाडं माझ्या हातात दिलंत त्याबद्दल

आबा, हे पत्र पारावर सगळ्यांसमोर वाचा म्हणून मीच सांगितलंय, कोणाला राग आला तर येऊ द्या.

वीज गेली, डिझेल संपलं, कृषी सेवा केंद्राची शटरं गंजली तेव्हापासून आख्खं गाव त्या एका कोठारावर आन चार बैलजोड्यांवर जगतंय. आन पुढारी कोण यावरून दोन पार्ट्या पडल्या तर ह्यांनी काय केलं, कोठाराला दोन कुलपं ठोकली, एक चावी वाड्यात, दुसरी बैलवाल्यांकडं. दोघं एकत्र यायचेच नाहीत, म्हणून वैशाखात बियाणं उन्हात पडलंच नाही, पावसाळ्यात दमट झालं, सोंडे लागले. वाळलेली मालदांडी दाताखाली कट्ट वाजते, ही नुसती चेपायची. तीच माझ्या एकराला 4 किलो मोजून दिली, आन इर्जिकीला कोणी येईना, आधी सांग म्हणे तू कोणाकडची. इकडं हस्त सरत आला, रानातली ओल रोज खाली चाललेली, ओल गेली की रब्बी गेली.

तुम्ही कोणाकडची विचारलं नाही. माझ्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून नेले आन चौथ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर बसून उलगडले. 58 ला कोंब. उरलेले काही बुरशीनं पांढरे, काही आतून पोकळ. 100 तले 75 तरी उगवतात असं धरून एकरी 4 किलो लागतं, ह्या बियाण्याचं सव्वापाच लागणार, तेवढं कुठून आणायचं? तुम्ही काही न बोलता स्वतःच्या कणगीतलं, राख लावून ठेवलेलं पाऊण किलो चांगलं बियाणं त्यात मिसळलंत, भागलं तेवढ्यात.

पण आबा, मी जे विसरणार नाही ते पुढचं. तिफण उभी राहिली आन बाया कुजबुजायला लागल्या, विधवेनं पहिली मूठ कशी धरायची म्हणून. तुम्ही चाडं सरळ माझ्यापुढं केलंत, म्हणालात, "रान तुझं हाय बाई, मूठ तूच धर. जरा सैल सोड, कमजोर दाणा हाय." आन स्वतः कासरा धरून पुढं चालायला लागलात. कोणी एक शब्द बोललं नाही. माणसानं माणसाशी असं वागायला काय लागतं हो, ना कुलूप ना चावी, आन आमच्या पुढाऱ्यांना दोन वर्षांत ते जमलं नाही.

आता ज्वारी पोटरीत आलीय, तासात फार खाडे नाहीत. बियाण्याची कणसं मी ताटावरच निवडून चिंध्या बांधून ठेवणार, ती मळणीला वेगळी काढायची. तुमचं पाऊण किलो मी सवाईनं परत करणार, नाही म्हणायचं नाही. कोठारात टाकू नका, तुमच्याच कणगीत ठेवा, आन राशीच्या दिवशी जेवायला घरचे सगळे घेऊन या.