घटस्फोट झाला, कर्ज मात्र दोघांचेच

महोदय,

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘फ्लॅटचे हप्ते पती भरेल’ असे लिहिले की बायको कर्जातून मोकळी झाली, असे आमच्या बडोद्यात बरेच जण धरून चालतात. पण बँक त्या दाव्यात पक्षकार नसते; तिच्या लेखी सहकर्जदार पूर्वीइतकीच जबाबदार राहते. माझ्या भाचीचे हेच झाले. हप्ते त्याने थकवले, सिबिल स्कोअर हिचाही घसरला आणि स्कूटरचे कर्ज नाकारले गेले.

नाव काढण्यासाठी दोघांच्या सह्यांचा अर्ज आणि हुकूमनाम्याची प्रत शाखेत दिली, तेव्हा बँकेने त्याचे एकट्याचे उत्पन्न तपासले. कर्ज बाकी 24 लाख, त्याच्या पगारावर बसत होते 18 लाखच. वरचे 6 लाख भरा किंवा दुसरा सहकर्जदार आणा, असे उत्तर आले. अखेर त्याचा भाऊ उभा राहिला आणि नवा करार झाला. मुक्ततेचे पत्र हिने लेखी मागून घेतले. तोंडी ‘झालं हो’वर कोण विसंबणार? फ्लॅटमधला हिस्सा सोडण्याचा दस्त निराळा, तो निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो. बँकेचे पत्र हाती येईपर्यंत त्यावर सही करण्याची घाई तिने केली नाही.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे