उद्योजकाची प्रकट मुलाखत आणि मुलाखतकाराची चिठ्ठी

महोदय,

उद्योजकांच्या प्रकट मुलाखतींचे वृत्तांत आपल्या दैनिकात नेहमी येतात. ‘जिद्द आणि चिकाटी हेच यशाचे रहस्य’ हे वाक्य त्यात बहुतेक वेळा असतेच. वाचणाऱ्याला वाटते, पाहुण्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मी बरीच वर्षे सांगलीत अशा कार्यक्रमांचे निवेदन करतो आणि मुलाखती घेतो. दोष बहुधा पाहुण्याचा नसतो, मुलाखतकाराच्या हातातल्या चिठ्ठीचा असतो. ‘रहस्य काय?’ असे विचारल्यावर माणूस सुविचारच सांगणार.

आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेतो. समजा, लक्ष्मणराव किर्लोस्कर आज मंचावर बसले आहेत. मुंबईची शिक्षकाची नोकरी, बेळगावचे सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये औंध संस्थानात उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, एवढा जीवनपट आपल्यासमोर आहे. ‘सुरुवातीचा संघर्ष कसा होता?’ हा प्रश्न यातल्या कुठल्याही टप्प्याला चालतो, म्हणूनच तो निरुपयोगी आहे. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी ते नांगर घेत नव्हते आणि तयार माल पडून होता, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न तिथे, त्या दिवसांत जाऊन विचारायला हवा: ‘नांगर विकले जात नव्हते, त्या महिन्यांत कारागिरांचा पगार कुठून दिलात?’ याला सुविचाराने उत्तर देता येत नाही. कर्ज, दुसऱ्या मालाची विक्री, भावाशी झालेले बोलणे, असे काहीतरी खरेच सांगावे लागते.

जोडवाक्यांचेही असेच. दोन प्रश्नांमधले वाक्य बरेच जण घरून पाठ करून आणतात: ‘वा, किती प्रेरणादायी! आता वळूया पुढच्या टप्प्याकडे.’ पाहुणा नुकताच काय बोलला याचा त्यात मागमूस नसतो. लक्ष्मणराव म्हणाले, ‘लोक म्हणत, लोखंडाने जमीन नासते,’ तर पुढचे वाक्य तिथूनच उचलावे: ‘जमीन नासते असे मानणाऱ्या गावात पहिला नांगर कोणी घेतला? त्याला काय सांगितलंत?’ आणि बेळगावहून किर्लोस्करवाडीकडे यायचे असेल तर: ‘नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. यंत्रे उचलून कुठे जायचे, हे कसे ठरवलंत?’ यात मागच्या उत्तराचे टोक आहे, काळाची उडी आहे आणि नवा प्रश्नही आहे. कौतुकाचा शब्द नाही, त्याची गरजही नाही. अशा वाक्याचा फक्त शेवट लिहून न्यावा. सुरुवात पाहुण्याच्या तोंडून येते.

तासाभराच्या मुलाखतीला दहा-बारा प्रश्न पुष्कळ होतात, कारण चांगले उत्तर तीन-चार मिनिटे चालते. मी एका कार्डावर एकच प्रश्न लिहितो. त्यातल्या तीन-चार अगदी हव्याच अशा कार्डांवर खूण करतो. वेळ संपत आली की बाकीची बाजूला ठेवता येतात. पैशाचा आणि अपयशाचा प्रश्न मध्यावर ठेवावा. आरंभीच विचारला तर पाहुणा मिटतो, शेवटी विचारला तर घाईत निसटतो.

आधीची भेट जरूर घ्यावी, पण तिथे सारे किस्से ऐकून घेऊ नयेत. विषय सांगावेत, नेमके प्रश्न देऊ नयेत. भेटीत रंगलेली गोष्ट मंचावर ‘मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं तसं’ अशी सुरू होते आणि निम्मी गळते. मात्र भागीदारीतले भांडण किंवा कोर्टातले प्रकरण यांबद्दल काय विचारू नये, हे तिथेच विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त बिघडते ते दुहेरी प्रश्नाने. ‘भांडवल कसे उभे केलेत, आणि घरच्यांचा पाठिंबा होता का?’ असे विचारले की पाहुणा घरच्यांबद्दल बोलतो आणि भांडवल राहून जाते. दुसरा प्रकार म्हणजे प्रश्नातच उत्तर देणे: ‘तुम्ही न डगमगता उभे राहिलात, नाही का?’ यावर पाहुणा ‘हो, बरोबर’ म्हणतो आणि आपल्याकडे बघत बसतो. हे दोन शब्द ऐकू आले की समजावे, प्रश्न फसला. तेव्हा पुढच्या कार्डाकडे न जाता ‘म्हणजे त्या दिवशी नेमके काय केलंत?’ एवढेच विचारावे आणि गप्प राहावे. ती शांतता मुलाखतकाराला लांब वाटते, प्रेक्षकांना नाही. पाहुणा बहुतेक वेळा त्यातच बोलू लागतो.

आपल्याकडे एक विनंती आहे. वृत्तांत छापताना एखाद्या तरी उत्तराच्या आधी विचारलेला प्रश्न जसाच्या तसा द्यावा. ‘जिद्द आणि चिकाटी’ हे उत्तर कोणत्या प्रश्नाला आले, हे वाचकांना कळेल आणि आयोजकही मुलाखतकार निवडताना आवाजाबरोबर तयारी पाहतील.

आपला,
एक मुलाखतकार, सांगली