आकडा वाचूनही ऑफर न बदलणाऱ्या रिक्रूटरांस

माननीय महोदय,

दुसऱ्या कुणासाठी लिहिलेले माझे उत्तर तुमच्या हाती पडले, तेव्हा मी तुम्हाला दोन ओळींत धन्यवाद कळवले होते. ते धन्यवाद खरे होते, पण त्यांत कृतज्ञतेपेक्षा सुटकाच अधिक होती. आता नोकरीचा निर्णय होऊन गेला आहे आणि तुमच्याकडून मला काहीही मिळवायचे राहिलेले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे धाडस करते. तुमचे किंवा कंपनीचे नाव घेत नाही. तुम्ही ओळखाल, तेवढे पुरे.

काय घडले ते वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या दोन मुलाखती एकाच वेळी शेवटच्या टप्प्यावर होत्या. एक तुमच्या कंपनीत, जिथे तुम्ही स्वतः कंपनीचे रिक्रूटर होता. दुसरी एका कन्सल्टन्सीमार्फत, तिच्या ग्राहक कंपनीसाठी. योगायोगाने तुमचे आणि त्या कन्सल्टन्सीतील गृहस्थांचे पहिले नाव एकच. त्यांनी मला स्पष्ट विचारले होते की दुसरीकडे कुठे बोलणी चालू आहेत आणि कमीत कमी कितीवर मी होकार देईन. मी उत्तर आधी वेगळे लिहून ठेवले, मग नव्या मेलमध्ये चिकटवले आणि नावाची पहिली अक्षरे टाइप केली. मेलच्या यंत्रणेने ज्यांच्याशी माझा अधिक पत्रव्यवहार झाला होता त्यांचा, म्हणजे तुमचा, पत्ता पुढे केला. पाठवलेला मेल थांबवण्याची सोय काही सेकंदांचीच असते, आणि मागे घेण्याची जी सोय काही कार्यालयांत असते तीही एकाच संस्थेच्या अंतर्गत मेलपुरती. बाहेरच्या माणसाला ‘हा मेल मागे घेतला आहे’ अशी सूचना गेली, तर तो मेल हमखास वाचला जातो. म्हणून मी काहीच केले नाही आणि स्क्रीनकडे पाहत राहिले.

त्या उत्तरात तीन गोष्टी होत्या. तुमच्या कंपनीपेक्षा त्यांच्याकडचे काम मला अधिक आवडले आहे, ही पहिली. तुमची ऑफर आली तरी मी काही दिवस निर्णय लांबवू शकेन, ही दुसरी. तिसरी सर्वांत महागडी. तुम्हाला मी सध्याच्या पगारावर 30 टक्के वाढीची अपेक्षा सांगितली होती. त्यांना लिहिले होते की काम मनासारखे असेल तर 18 टक्केही चालतील. शेवटी, पाचव्या परिच्छेदात, तुमच्या मुलाखतीविषयी एक तिरकस वाक्यही होते. त्याकडे नंतर येते.

उमेदवाराने कन्सल्टन्सीला आपला किमान आकडा सांगणे समजण्यासारखे असते. तिची फी बहुधा उमेदवाराच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत ठरते, त्यामुळे पगार जास्त ठरला तर तिलाही थोडे जास्त मिळते. मात्र बोलणी फिसकटली तर तिच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून तिला खरी मर्यादा ठाऊक असावी लागते. कंपनीच्या रिक्रूटरचे तसे नसते. त्याच्यासमोर त्या पदासाठी मंजूर झालेला पगाराचा पट्टा असतो, खर्चाकडे डोळे लावून बसलेले वरिष्ठ असतात, आणि उमेदवार किती खाली येईल एवढेच त्याला ठाऊक नसते. माझ्या हातून नेमके तेच तुमच्याकडे गेले होते.

मला भीती वाटण्याचे कारण काल्पनिक नव्हते. याआधीच्या एका नोकरीच्या वेळी एका रिक्रूटर बाईंनी फार आपुलकीने विचारले होते, ‘आपल्या दोघींतच राहील, पण कमीत कमी किती?’ मी भाबडेपणाने 15 टक्के सांगितले. ऑफर लेटर आले ते बरोबर 15 टक्क्यांचे, दशांशाचाही फरक नाही. आणि वर त्यांनी ‘तुमच्यासाठी खूप भांडावे लागले’ हेही ऐकवले. पुढे त्याच विभागात, त्याच पदावर, माझ्याइतक्याच अनुभवाची व्यक्ती माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या पगारावर आली. पट्ट्यात जागा होती, फक्त मला ती दाखवली गेली नव्हती. आणखी एका महाशयांनी तर शेवटच्या फेरीनंतर फोन उचलणेच बंद केले होते. नकार कळवायलाही वेळ लागतो, हे मान्य. पण एक ओळ लिहायला किती लागतो?

या अनुभवांनंतर तुमचा मेल आला. तो मी पुन्हा पुन्हा वाचला, म्हणून इथे जवळजवळ जसाच्या तसा देते: ‘तुमचा आत्ताचा मेल माझ्यासाठी नव्हता असे दिसते. पहिला परिच्छेद मी वाचला आहे आणि त्यातला आकडाही पाहिला आहे. पाहिला नाही असे म्हणणार नाही. तुमच्या ऑफरचा प्रस्ताव आज सकाळीच मंजुरीला गेला आहे आणि तो बदलणार नाही. ज्यांना हे उत्तर हवे होते ते वाट पाहत असतील, त्यांना आधी पाठवा.’

‘मी काहीच वाचले नाही’ असे लिहिणे तुम्हाला सोपे होते. बहुतेक सभ्य माणसे तसेच लिहितात आणि समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवल्यासारखे करतो. पण मग पुढे ऑफरचा आकडा कमी आला असता, तर तो पट्ट्यामुळे की माझ्या मेलमुळे, हे मला कधीच कळले नसते. तुम्ही पाहिल्याचे कबूल केले आणि त्याच श्वासात प्रस्ताव आधीच पुढे गेल्याचे सांगितले, त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. ऑफर 28 टक्क्यांची आली. उरलेले 2 टक्के का नाहीत, तेही तुम्ही फोनवर न विचारता सांगितले: त्या पदाच्या पट्ट्याची वरची मर्यादा तिथे संपत होती आणि त्याच संघातील जुन्या माणसांपेक्षा नव्या माणसाला वर नेणे तुम्हाला योग्य वाटत नव्हते. असे कारण मला याआधी कुणी दिले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. तुमचे उत्तर माझ्या मेलला जोडलेले नव्हते. तुम्ही नवा मेल लिहिला होता आणि त्याखाली माझा मूळ मजकूर नव्हता. तेव्हा मला ते केवळ वेगळे वाटले. नंतर भरतीच्या कामात असलेल्या एका मैत्रिणीने त्याचा अर्थ सांगितला. अनेक कंपन्यांत उमेदवारांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली रिक्रूटरच्या मेलपेटीला जोडलेली असते. उमेदवाराच्या पत्त्यावरून आलेला मेल आपोआप त्याच्या नोंदीत जाऊन बसतो आणि मुलाखत घेणाऱ्यांपासून विभागप्रमुखापर्यंत ज्यांना परवानगी असेल ते तो वाचू शकतात. त्यातच उत्तर दिले की मूळ मजकूर पुन्हा एकदा चिकटतो आणि कुणी तो पुढे पाठवला की तो आणखी फिरतो. मी फोनवर चाचरत त्याविषयी विचारले, तेव्हा तुम्ही इतकेच म्हणालात, ‘ती नोंद खासगी करून ठेवली आहे. तुमच्या कामाशी तिचा संबंध नव्हता.’

तरीही या सगळ्यात माझ्या मनात जे घर करून राहिले, ते तुमच्या मेलमधले शेवटचे वाक्य. ज्यांना उत्तर हवे होते ते वाट पाहत असतील. तुमच्या दृष्टीने तो माणूस प्रतिस्पर्धी होता; त्याला माझे उत्तर वेळेवर मिळाले नसते तर फायदा तुमचाच होता, आणि गप्प राहण्यात काही गैर आहे असे कुणी म्हटलेही नसते. मी तर माझ्या घाबरटपणात त्या गृहस्थांना विसरूनच गेले होते. त्यांना त्याच संध्याकाळी ग्राहक कंपनीला माझे म्हणणे कळवायचे होते, आणि माझ्याकडून काहीच गेले नसते तर त्यांनी माझे नाव मागे ठेवून दुसऱ्याचे पुढे केले असते. तुमच्या वाक्यामुळे ते उत्तर वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचले. जाण्याआधी मी त्यातला 18 चा आकडा खोडला, हेही सांगून टाकते. तेवढे शहाणपण तोपर्यंत आले होते.

शेवटी मी त्यांच्याकडचीच नोकरी घेतली. पगार तुमच्या ऑफरपेक्षा किंचित कमी होता, पण काम मला हवे तसे होते, आणि ते तर तुम्हाला माझ्या मेलमधून आधीच कळले होते. नकार देण्यासाठी फोन केला तेव्हा मी बरीच लांबण लावली. तुम्ही मध्येच थांबवून म्हणालात की निर्णय पक्का असेल तर आजच लेखी कळवा, म्हणजे यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराला आम्हाला ताटकळत ठेवावे लागणार नाही. रागही नाही आणि मनधरणीही नाही. पगार वाढवून देण्याची भाषाही नाही, कारण पट्टा संपला होता हे तुम्ही खरेच सांगितले होते. सौजन्य म्हणजे गोड बोलणे असे मानणाऱ्यांना हा माणूस रुक्ष वाटेल, पण मला गोड बोलणाऱ्यांनी किती टक्क्यांना गाठले होते ते वर आलेच आहे.

आता त्या पाचव्या परिच्छेदाविषयी. तुम्ही पहिलाच वाचलात असे म्हणालात आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणून ते वाक्य मीच सौम्य करून इथे सांगते: तुमच्या चौथ्या फेरीत मला दुसऱ्या फेरीतलेच प्रश्न जवळजवळ त्याच क्रमाने विचारले गेले, आणि विचारणाऱ्यांना आधीच्या फेरीची टिपणे मिळालेली नव्हती हे उघड दिसत होते. ती टिपणे पुढच्या फेरीच्या आधी पोहोचतील अशी व्यवस्था केलीत, तर एक फेरी सहज कमी होईल. या वेळी पत्ता दोनदा तपासला आहे. हे तुमच्यासाठीच आहे.

आपली कृतज्ञ,
एक माजी उमेदवार