फेलोशिपच्या सदतीस हजारांतून हातात किती उरतात

पुणे,
१२ ऑगस्ट

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इतिहास विषयात जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवून तू कोल्हापूरला पीएच.डी.साठी रुजू होत आहेस, हे वाचून मला आणि घरी आईलाही फार आनंद झाला. पत्रात तू लिहिले आहेस की दरमहा ३७,००० रुपये म्हणजे वर्षाला ४,४४,००० रुपये होतात, त्यातून वसतिगृह आणि मेस वजा जाता किती उरतील हे कळले तर धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी घरी किती पाठवायचे ते ठरवता येईल. बहिणीचे शुल्क या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे, माझ्या वहीत ठेवलेला संपूर्ण वर्षाचा हिशेबच तुला सविस्तर सांगतो.

३७,००० हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा आहे. त्याआधी तो ३१,००० होता. ही रक्कम पहिली दोन वर्षे मिळते. त्यानंतर समितीने कामाचे मूल्यमापन करून शिफारस केली की एसआरएफ म्हणजे वरिष्ठ फेलो म्हणून दरमहा ४२,००० मिळू लागतात. शिफारशीचे कागद पुढे सरकायला काही महिने लागले तर तोपर्यंत जुन्याच दराने पैसे येतात आणि दरमहा ५,००० चा फरक मागाहून थकबाकी म्हणून जमा होतो. तो येणार हे ठाऊक असले तरी येण्याआधी खर्चात धरू नयेस, असे मी आग्रहाने सांगेन.

आता कपातीविषयी. हा शब्द आपण सहज वापरतो, पण आमच्याकडे फेलोशिपमधून परस्पर काहीच कापले जात नाही. पूर्ण ३७,००० बँकेत येतात आणि वसतिगृह, मेस व विद्यापीठाचे शुल्क आपण स्वतः, बहुतेक वेळा सहा महिन्यांचे एकदम, आगाऊ भरतो. काही संस्थांमध्ये मात्र लेखा विभाग वसतिगृहाची आणि मेसची रक्कम वळती करून उरलेलीच खात्यात जमा करतो. तुझी संस्था यांपैकी काय करते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे, कारण पासबुकावरून वर्षाची बेरीज करताना एका पद्धतीत तुला पूर्ण रक्कम दिसेल आणि दुसऱ्या पद्धतीत कापून उरलेली. या दोन बेरजा एकमेकींत मिसळल्या की तोच खर्च दोनदा वजा होतो.

माझे आकडे असे आहेत. खोलीचे भाडे महिन्याला १,२०० रुपये आणि वीज-पाण्याचे ५०० रुपये. मेसचा दर दिवसाला ११५ रुपये असून त्याखेरीज आस्थापना शुल्क म्हणून महिन्याला ३५० रुपये पडतात. आचाऱ्यांचे व मदतनिसांचे पगार या ३५० मधून निघतात, त्यामुळे तुम्ही गावी असलात तरी ते द्यावेच लागतात. तीस दिवसांच्या महिन्यात मेसचे ३,८०० होतात, भाडे आणि वीज-पाणी धरून ५,५००, आणि ३७,००० मधून ते वजा केले की ३१,५०० उरतात. घाईने हिशेब करणारा याला बाराने गुणून ३,७८,००० हा वर्षाचा आकडा काढतो. तो वस्तुस्थितीच्या जवळ जातो खरा, पण तो योगायोग आहे, कारण त्यातून तीन गोष्टी सुटलेल्या असतात आणि त्या एकमेकींची भरपाई करतात.

त्यांपैकी पहिली गोष्ट मेसची सूट, जिला सगळे ‘रिबेट’ म्हणतात. पूर्ण ३६५ दिवस जेवले तर ११५ च्या दराने ४१,९७५ आणि वर्षाचे आस्थापना शुल्क ४,२००, असे एकूण ४६,१७५ होतात. फेलोशिपच्या नियमांनुसार सार्वजनिक सुट्ट्यांव्यतिरिक्त वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवसांची रजा मिळते, आणि दिवाळीची किंवा उन्हाळ्याची लांब सुटी संशोधकांना नसते. मी हे तीस दिवस गावी काढले आणि प्रत्येक वेळी आधी लेखी अर्ज देऊन मेस बंद ठेवली, त्यामुळे ३,४५० कमी होऊन वर्षाचा मेसचा खर्च ४२,७२५ झाला. आमच्याकडे अर्ज निघण्यापूर्वी द्यावा लागतो आणि सलग तीन दिवसांहून कमी गैरहजेरीला सूट नसते. म्हणूनच शनिवार-रविवारी घरी जाऊन येणाऱ्याचेही ताट मोजले जाते. कोल्हापूर तुझ्या गावापासून दोन तासांवर असल्याने हा नियम तुझ्याकडे कसा आहे ते नक्की पाहा.

दुसरी गोष्ट भाड्याची परतफेड. वसतिगृहात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, परंतु त्याने भरलेले वसतिगृहाचे शुल्क मागता येते. त्यातून मेस, वीज आणि पाणी वगळलेले असते. म्हणजे माझ्या बाबतीत महिन्याचे १,२०० परत मिळतात, ५०० मिळत नाहीत. येथेच बहुतेकांचे पैसे अडकतात, कारण वसतिगृहाची पावती ‘वसतिगृह शुल्क, सहामाही, १०,२००’ अशी एकत्रित निघते आणि भाडे किती, वीज किती हे त्यातून कळत नसल्याने दावा परत येतो. माझ्या एका सहकाऱ्याचा दावा याच कारणाने तीनदा परत आला आणि त्याला बरेच महिने खेटे घालावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. रक्कम भरतानाच रेक्टरांच्या कार्यालयातून भाडे आणि वीज-पाणी वेगवेगळे दाखवणारी पावती किंवा सहीशिक्क्याचा दाखला मागून घे. वर्षाचे १४,४०० रुपये त्या एका कागदावर अवलंबून आहेत.

तिसरी गोष्ट विद्यापीठाचे सहामाही शुल्क. माझे ते ९,००० म्हणजे वर्षाला १८,००० आहे आणि मासिक हिशेबात ते कोणी धरत नाही.

आता सगळे एकत्र मांडतो. ४,४४,००० मधून भाडे १४,४००, वीज-पाणी ६,००० आणि मेस ४२,७२५ वजा केले की ३,८०,८७५ राहतात. भाड्याचे १४,४०० परत मिळाल्यावर ते ३,९५,२७५ होतात आणि विद्यापीठाचे १८,००० भरल्यावर ३,७७,२७५ उरतात. महिन्याला सरासरी सुमारे ३१,४४०. कपडे, प्रवास, औषधे, फोन आणि घरी पाठवायचे पैसे हे सारे यातूनच भागवायचे असते. पुस्तके, छायाप्रती आणि अभिलेखागारातल्या कामाच्या प्रवासासाठी वेगळा आकस्मिक निधी आहे. तुझ्या मानव्य शाखेला पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि आम्हा विज्ञानवाल्यांना १२,००० मिळतात. तो बिलांवर मिळतो आणि कामावरच खर्च होतो, म्हणून त्याला वर्षाच्या मिळकतीत धरू नकोस.

याच मेसमध्ये जेवणारा, पण दरमहा ८,००० मिळणारा संशोधक असेल तर काय होईल, हे मी एकदा मांडून पाहिले. केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची रक्कम गेली अनेक वर्षे तीच आहे. वर्षाचे ९६,००० होतात आणि त्यातून माझ्याच दराने भाडे, वीज-पाणी, मेस व शुल्क मिळून ८१,१२५ गेले तर बारा महिन्यांसाठी १४,८७५ उरतात. तो आकडा पाहिल्यापासून, मेसचा दर वाढवण्याच्या बैठकीत ‘फक्त दहा रुपये’ असे कोणी म्हणाले की मला गप्प बसवत नाही. दिवसाला दहा रुपये म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये, त्याच्या वर्षभराच्या शिलकीचा जवळजवळ चौथा हिस्सा.

तुझ्या दृष्टीने सर्वांत कठीण काळ पहिल्या काही महिन्यांचा असेल. प्रवेशाच्या वेळी मला भाडे ७,२००, वीज-पाणी ३,०००, मेसची आगाऊ रक्कम २१,००० आणि विद्यापीठाचे ९,००० असे ४०,२०० रुपये एकदम भरावे लागले, शिवाय ५,००० अनामत. एका महिन्याच्या फेलोशिपहून ही रक्कम मोठी आहे आणि ती फेलोशिपचा पहिला रुपया येण्याआधी लागते. रुजू झाल्याचा अहवाल, आधारशी जोडलेले बँक खाते आणि विद्यापीठाकडून होणारी पडताळणी हे सगळे पार पडेपर्यंत काही महिने जातात. पैसे बुडत नाहीत, थकबाकीसह येतात, पण तोवरची सोय घरच्यांशी बोलून आधीच करून ठेव आणि निदान पहिले सहा महिने बहिणीच्या शुल्काचा भार स्वतःवर घेऊ नकोस. अनामत परत मिळते, म्हणून ती खर्चात न लिहिता वेगळ्या पानावर लिही.

पुढेही विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर पुष्टी दिल्यावरच त्या महिन्याचे पैसे निघतात. एखाद्या महिन्याची पुष्टी राहिली की पुढे दोन हप्ते एकत्र येतात आणि मार्चचे पैसे पुष्कळदा एप्रिलमध्ये दिसतात. त्यामुळे एप्रिल ते मार्च अशी पासबुकाची बेरीज केली तर कधी अकरा हप्ते भरतात, कधी तेरा. मी वहीत दोन रकाने ठेवले आहेत, एक कोणत्या महिन्याचे पैसे याचा आणि दुसरा ते जमा झाल्याच्या तारखेचा. पहिला रकाना पाहिला की कोणता महिना राहिला ते लगेच कळते, आणि विभागात विचारायला जाताना महिन्याचे नाव घेऊन जाता येते.

वसतिगृहात राहायचे की बाहेर, हा तुझा शेवटचा प्रश्न. वसतिगृहात जागा नसल्याचा दाखला संस्थेने दिला तर घरभाडे भत्ता मिळतो. केंद्राच्या वर्गवारीत कोल्हापूर ‘वाय’ शहर आहे, तेथे फेलोशिपच्या २० टक्के दराने ७,४०० म्हणजे वर्षाला ८८,८०० होतात. पुणे ‘एक्स’ शहर असल्याने येथे ३० टक्के म्हणजे ११,१०० होतात. मात्र जागा देऊ केलेली असताना आपणच ती नाकारली तर भत्त्यावरचा हक्क जातो, म्हणून तुला वसतिगृह मिळत असेल तर बाहेर खोली घेण्याचा विचार सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. जागा नसेल, तर दाखल्यावर तारीख नीट पाहून घे, कारण भत्ता त्या तारखेपासून धरला जाण्याची शक्यता असते.

तुझ्या वसतिगृहाचे शुल्कपत्रक आणि मेसचे नियम हाती आले की त्यांचे फोटो मला पाठव. मी याच पद्धतीने तुझे वर्ष मांडून देतो आणि सहा महिन्यांनंतर बहिणीसाठी दरमहा किती बाजूला काढता येतील तो आकडा कळवतो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र,
श्रीकांत