थ्री नॉट थ्री कमजोर नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत २६/११ च्या हल्ल्यावर आलेला लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे, पण त्यातलं एक वाक्य मला दोन दिवस खुपत राहिलं. सीएसएमटीवरच्या पोलिसांच्या हातात 'जुन्या, कमजोर थ्री नॉट थ्री' होत्या आणि अतिरेक्यांकडे 'कितीतरी ताकदवान एके-४७' होत्या, असं लेखकाने म्हटलं आहे. पहिल्या शब्दाबद्दल वाद नाही, रायफल जुनी होतीच. पण कमजोर नव्हती. मी पायदळात चोवीस वर्षं काढली, त्यातली काही वर्षं रिक्रूटांना हत्यार शिकवणारा उस्ताद म्हणून. त्यामुळे हे पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी ताकदीचा हिशोब करू. थ्री नॉट थ्रीची गोळी साधारण सव्वाअकरा ग्रॅमची, आणि ती नळीतून सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. एके-४७ ची गोळी आठ ग्रॅमला किंचित कमी, वेग सव्वासातशे मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे एका गोळीपुरतं बोलायचं तर थ्री नॉट थ्रीचा तडाखा एकेच्या दीडपट बसतो. पल्लाही तिचाच लांब. मग कारखान्यांनी आणि फौजांनी मुद्दाम गोळी हलकी का केली? सगळी गोष्ट या प्रश्नात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनांच्या लक्षात आलं होतं, आणि पुढे अमेरिकेतही अभ्यासातून तेच निघालं, की रायफलवाला शिपाई प्रत्यक्ष लढाईत बहुतेक वेळा तीनशे-चारशे मीटरच्या आतच फायर करतो. त्यापलीकडे त्याला शत्रू दिसतच नाही. मग हजार मीटर जाणारं काडतूस खांद्यावर वाहायचं कशाला? जर्मनांनी आपल्या नेहमीच्या काडतुसाची केस ५७ मिलिमीटरवरून ३३ वर आणली. दारू कमी झाली, धक्का कमी झाला, आणि एक नवीन गोष्ट शक्य झाली: खांद्याला लावलेली रायफल बर्स्टवर, म्हणजे एका दाबात अनेक गोळ्या सोडत, चालवली तरी ती आभाळाकडे पळत नाही. १९४४ मध्ये त्यांनी या हत्याराला जे नाव दिलं त्याचाच शब्दशः अर्थ 'असॉल्ट रायफल'. मध्यम ताकदीचं काडतूस, काढता-घालता येणारं मॅगझिन, आणि सिंगल किंवा ऑटो निवडायचा खटका, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ती असॉल्ट रायफल. थ्री नॉट थ्रीनंतर आलेली आमची सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे एसएलआर, या व्याख्येत बसत नाही. तिचं काडतूस पूर्ण ताकदीचं होतं, आणि म्हणूनच आम्हाला मिळालेल्या एसएलआरला बर्स्टची सोयच नव्हती.

आता बोल्टची रायफल, म्हणजे थ्री नॉट थ्रीसारखी, जिच्यात प्रत्येक गोळी हाताने दांडी ओढून चढवावी लागते. मी ती पहिल्यांदा हाताळली कॉलेजात, एनसीसीमध्ये. फायर झाला की उजवा हात मुठीवरून सुटतो. दांडी वर, मागे खेच, रिकामी केस उजव्या बाजूने उडते, पुढे ढकल, दांडी खाली. मग हात परत मुठीवर, बोट ट्रिगरवर, डोळा निशाण्यावर. थ्री नॉट थ्रीचा बोल्ट जगातल्या सर्वांत वेगवान बोल्टांपैकी एक. दांडी थोडीच उचलावी लागते, आणि सराव असेल तर गाल बटावरून न हलवता हे सगळं होतं. पहिल्या महायुद्धाआधीच्या इंग्रज शिपायाकडून तीनशे यार्डावर मिनिटाला पंधरा नेमके फायर मागत असत. आत दहा गोळ्या, वरून पाच-पाचच्या चार्जर क्लिपने भरायच्या. पण हे जमतं आडवं पडून किंवा खंदकात टेकून. धावता धावता करून पाहा. रिक्रूट धावत येऊन थांबला, दम लागलेला, घामाने हात ओले, की दांडी अर्धीच मागे येते. मग केस नीट बाहेर पडत नाही, किंवा बोल्ट नुसताच पुढे जातो आणि नवी गोळी वर येत नाही. ट्रिगर दाबला की 'खट्' एवढाच आवाज. उस्तादाला तो आवाज पन्नास पावलांवरून ओळखू येतो.

म्हणूनच बोल्टच्या काळात सेक्शनची खरी ताकद रायफलींत नव्हतीच. ती ब्रेन गनमध्ये होती, म्हणजे हलक्या मशीनगनमध्ये, एलएमजीत. दहा माणसांच्या सेक्शनमधले तिघं गनवर. उरलेले सात रायफलवाले, आणि त्यांच्या पाऊचमध्येही ब्रेनची मॅगझिनं. रॅपिड फायरवर ब्रेन मिनिटाला चार मॅगझिनं, म्हणजे सुमारे १२० गोळ्या टाकते. आणि सात जणांच्या सात रायफली, सगळे उत्तम नेमबाज धरले तरी, सात पंधरे एकशे पाच. एक ब्रेन सातांना भारी! खरं सांगायचं तर रायफलवाले बरेचसे गनचे हमाल आणि रखवालदार होते. कोणाला राग येईल, पण आकडे तेच सांगतात.

त्यावरून हल्ल्याची पद्धत ठरली. समजा तीनशे मीटरवर शत्रूचा एक मोर्चा, म्हणजे लढायची आडोशाची जागा, आहे आणि त्यात एक मशीनगन. सेक्शन कमांडर ब्रेन एका बगलेला बसवतो, आणि बाकीच्या रायफलवाल्यांना घेऊन दुसरीकडून वळसा घालतो. शक्यतो असा की गनचा फायर आणि आपली चाल यांच्यात काटकोन राहावा. ब्रेन गोळ्या टाकते तोवर शत्रूचं डोकं खाली, आणि तेवढ्यात रायफल ग्रुप पुढे सरकतो. अडचण येते शेवटच्या पन्नास मीटरमध्ये. आपलीच माणसं फायरच्या रेषेत यायला लागतात, म्हणून ब्रेनला थांबावं लागतं किंवा फायर बाजूला न्यावा लागतो. नेमक्या त्याच क्षणी रायफलवाले धावत असतात, आणि धावणाऱ्या माणसाची बोल्ट रायफल मुकी असते. दहा-बारा सेकंद शांतता. मोर्च्यातला माणूस डोकं वर काढतो. ती शांतता भरायला हातगोळा होता आणि रायफलीच्या टोकाला संगीन होती. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत संगीन घेऊन धावणाऱ्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण त्या धावण्यामागे हे एक यांत्रिक कारणही होतं: एका गोळीनंतर दुसरी गोळी वेळेत येईलच याची खात्री नसायची.

असॉल्ट रायफलने ही शेवटची पन्नास मीटर बदलली. मॅगझिनमध्ये तीस गोळ्या, हात मुठीवरून हलवायचा नाही, डोळा निशाण्यावरच. सिंगलवर ठेवून शांतपणे मारलं तरी एक माणूस मिनिटाला चाळीस गोळ्या टाकतो. सात जणांच्या २८० होतात, म्हणजे ब्रेनच्या दुपटीहून जास्त. याचा अर्थ असा की दबावाचा फायर द्यायला आता एलएमजीच लागते असं नाही. दोन माणसांची जोडीही तो देऊ शकते. म्हणून सेक्शन 'गन ग्रुप आणि रायफल ग्रुप' अशा दोनच तुकड्यांत राहिला नाही, तो बडी जोड्यांपर्यंत फुटला. एक आडवा पडून फायर देतो, दुसरा उठतो, तीन-चार सेकंद धावतो आणि पडतो. शत्रूला नेम धरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत खाली. मग पहिला उठतो. शेवटच्या पन्नास मीटरमध्येही कोणी ना कोणी सतत फायर देत असतो, आणि तो फायर पुढे जाणाऱ्यांच्या बरोबरच पुढे जातो.

याचा दुसरा परिणाम पुस्तकांत कमी लिहिला जातो, पण उस्तादांना रोज दिसतो. पूर्वी फायरचा हुकूम सेक्शन कमांडरच्या तोंडून यायचा: पल्ला किती, निशाण कोणतं, फायर सावकाश की रॅपिड. तो हुकूम आजही शिकवला जातो. पण जोडी-जोडीने चाल सुरू झाली की कधी उठायचं आणि कधी मॅगझिन बदलायचं हे ते दोघंच एकमेकांना ओरडून ठरवतात. दोघांची मॅगझिनं एकाच वेळी संपली, तर तीच जुनी शांतता परत येते. नवशिक्या जोडीची ही हमखास चूक. दुरून ऐकलं तरी कळते: दोन रायफलींचा आवाज एकदम थांबतो.

आणि हो, ऑटोचं कौतुक फार करू नये. एके मिनिटाला सहाशेच्या वेगाने फायर करते, म्हणजे बोट दाबून धरलं तर तीस गोळ्या तीन सेकंदांत संपतात, त्यातल्या बऱ्याचशा झाडाच्या शेंड्यात. गंमत म्हणजे एकेचा खटका सेफवरून खाली ओढला की पहिलं घर ऑटोचं येतं आणि सिंगलचं सगळ्यात खाली. घाबरलेला माणूस खटका जोरात ओढतो तो थेट तळाशी, सिंगलवर जातो. हे चांगलंच आहे. आपल्या इन्सास रायफलीत तर सरळ तीन गोळ्यांच्या बर्स्टची मर्यादाच घातली होती.

हलक्या गोळीची किंमतही मोजावी लागते. अफगाणिस्तानात डोंगराच्या या अंगावरून त्या अंगावर, पाचशे-सहाशे मीटरवरून फायर यायला लागला, तेव्हा ५.५६ मिलिमीटरच्या हलक्या गोळीची रायफल घेतलेले इंग्रज-अमेरिकन शिपाई अपुरे पडले. मग सेक्शनमध्ये एखादी पूर्ण ताकदीची ७.६२ रायफल परत आणावी लागली. आपल्या लष्करानेही २०१९ मध्ये सिग ७१६ घेतली ती ७.६२ बाय ५१ चीच. म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या पल्ल्याची आठवण अजून पुसलेली नाही.

आता परत सीएसएमटीवर येतो. तिथे अंतर फार थोडं होतं, गर्दी होती, आडोसे होते आणि समोर दोघं जण होते, जोडीने फिरणारे. एवढ्या अंतरावर थ्री नॉट थ्रीची एक गोळी लागली असती तर पुरली असती. पण ती चुकली तर दुसरी येईपर्यंत समोरच्याच्या पाच-सहा गोळ्या आलेल्या असतात, आणि दांडी ओढताना आडोशाबाहेर कोपर काढावं लागतं ते वेगळंच. अशा स्थितीत काठी आणि बोल्टची रायफल घेऊन जे उभे राहिले, त्यांच्या हातातली गोळी कमजोर होती म्हणून ते कमी पडले असं लिहिणं बरोबर नाही. जास्त होता तो दोन गोळ्यांमधला वेळ, आणि कमी होता तो शेजारी फायर देणारा दुसरा माणूस.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखाबरोबरच्या छायाचित्राखाली 'पोलिसांची थ्री नॉट थ्री' असं छापलं आहे. चित्रातल्या रायफलीला बोल्टची दांडी नाही, मूठ पिस्तुलासारखी वेगळी आहे आणि मॅगझिन सरळ, वीस गोळ्यांचं आहे. ती एसएलआर आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
(जि. सातारा)